ताळा जुळला, तरी आकडा खोटा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो आणि शीतगृहं काठोकाठ भरलेली असतात. त्यातल्याच एका शीतगृहातून रात्री दोन वाजता फोन आला. "साहेब, तीन नंबरच्या खोलीचा भोंगा वाजतोय. स्क्रीनवर तेरा पूर्णांक तीन दाखवतंय, पण मी आत जाऊन आलो, आत तर हातपाय गोठतायत." मी म्हटलं, "काका, आता किती दाखवतंय?" ते म्हणाले, "आता शून्य पूर्णांक पाच. मघाशी एकदाच तेरा झालं होतं."

शीतगृहांच्या नियंत्रण पॅनेलची कामं करणाऱ्याला अशा फोनची सवय असते. पहिला संशय सेन्सरवर जातो, म्हणून आम्ही सेन्सर बदलला. चार दिवसांनी पुन्हा भोंगा. मग सेन्सरच्या जोडण्या घट्ट केल्या. पुन्हा भोंगा. खोटं तापमान दिसलं की कॉम्प्रेसर पूर्ण जोराने सुरू व्हायचा आणि शून्याच्या आसपास ठेवलेला माल आणखी गार व्हायला लागायचा. द्राक्षाचा देठ गोठला की तो काळा पडतो आणि ती पेटी निर्यातीतून बाद होते. त्यामुळे हा नुसता झोपमोडीचा प्रश्न नव्हता.

उलगडा झाला तो काकांच्या वहीमुळे. ते प्रत्येक खोटा आकडा आणि त्याच्या आधीचा खरा आकडा लिहून ठेवत होते. ०.५ नंतर १३.३. ०.४ नंतर १३.२. एकदा ०.७ नंतर १३.५. मी वजाबाकी केली आणि तिथेच थांबलो. फरक दर वेळी १२.८ होता. सेन्सर बिघडला तर आकडा वाटेल तसा भरकटतो, मोजून १२.८ ने उडी मारत नाही. यंत्राच्या आत तापमान दशांशात ठेवलेलं असतं, म्हणजे ०.५ अंश हा नुसता ५ असतो आणि १२.८ चा फरक म्हणजे १२८. एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या बिटची किंमत बरोबर १२८ असते. सेन्सर खरं बोलत होता. त्याचा निरोप वाटेत, तारेवर, एका बिटने बदलत होता.

आता प्रश्न असा की निरोप बिघडला तर नियंत्रकाला ते कळलं का नाही? त्या यंत्रणेत तपासणी होती. सेन्सरकडून येणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या, म्हणजे फ्रेमच्या, शेवटी आधीच्या सगळ्या बाइटची बेरीज जोडलेली असायची. नियंत्रक स्वतः बेरीज करायचा आणि ती जुळली तरच आकडा मान्य करायचा. रात्रभर लॅपटॉप लावून तारेवरचे कच्चे बाइट नोंदवले तेव्हा दोषी फ्रेम सापडली. वरची ओळ चांगल्या फ्रेमची, खालची बिघडलेली:

```
07 03 02 00 05 11
07 03 02 00 85 91
```

हे आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले आहेत. आपल्या नेहमीच्या आकड्यांत वाचायचं तर वरची ओळ सांगते: सात नंबरचा सेन्सर, तीन नंबरचं काम म्हणजे आकडा वाचणं, पुढे दोन बाइटची माहिती, ती माहिती ० आणि ५, आणि सगळ्यांची बेरीज १७. खालच्या ओळीत ५ चे १३३ झाले. बेरीज व्हायला हवी १४५, आणि शेवटच्या बाइटमध्ये १४५ च आहे! माहितीच्या बाइटचा सर्वांत वरचा बिट पलटला आणि लगेच पुढच्या बेरजेच्या बाइटचाही तोच बिट पलटला. दोन्हीकडे १२८ वाढले आणि ताळा जुळला.

दोन बाइट एकाच जागी बिघडणं हा योगायोग नव्हता. खोलीतल्या पंख्यांच्या मोटरी ड्राइव्हवर चालत होत्या. ड्राइव्ह म्हणजे मोटरीचा वेग कमीजास्त करणारा पेटारा. हा ड्राइव्ह सेकंदाला ४००० वेळा वीज चालू-बंद करत होता, म्हणजे दर २५० मायक्रोसेकंदांनी एक झटका. त्याची केबल आणि सेन्सरची तार एकाच ट्रेमधून शेजारी शेजारी गेली होती. सेन्सरच्या तारेवर वेग ९६०० चा, म्हणजे एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. एका बाइटच्या आठ बिटांना सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे १०४२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात ड्राइव्हचे चार झटके होतात आणि त्यांना १००० मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे एका बाइटमध्ये एखादा झटका ज्या बिटवर पडला, त्याच्यानंतरचा चौथा झटका पुढच्या बाइटच्याही जवळजवळ त्याच बिटवर पडतो, फक्त ४२ मायक्रोसेकंद आधी. बहुतेक झटक्यांत बिट पलटवण्याएवढा जोर नसतो. पण जेव्हा असतो, तेव्हा तो एकाच रकान्यात दोनदा घाव घालतो. आणि सर्वांत वरच्या रकान्यातले दोन घाव बेरजेच्या तपासणीत दर वेळी एकमेकांना पुसून टाकतात.

बेरजेचा हा कमकुवतपणा आपल्याला शाळेपासून माहीत आहे, फक्त वेगळ्या रूपात. गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहायला गुरुजींनी शिकवलेलं असतं. ४७ गुणिले २३ बरोबर १०८१. ४७ च्या अंकांची बेरीज ११, तिची बेरीज २. २३ ची ५. दोन पंचे दहा, त्याचा १. इकडे १०८१ ची बेरीज १०, तिचाही १. ताळा जुळला. पण घाईत कोणी १८०१ लिहिलं तर? अंक तेच, बेरीज तीच, ताळा पुन्हा जुळतो. नवाच्या ताळ्याला अंक कोणते आहेत ते कळतं, कुठे बसलेत ते कळत नाही.

आता तेच अकराने करून पाहा. ४७ ला ११ ने भागलं तर बाकी ३, २३ ची बाकी १, म्हणून उत्तराची बाकी ३ यायला हवी. १०८१ ला ११ ने भागलं तर बाकी ३ येते. १८०१ ला भागलं तर ८ येते आणि चूक पकडली जाते. काम तेवढंच, भाजक बदलला, आणि ताळ्याला अंकांच्या जागाही दिसायला लागल्या. सीआरसी ही याच वाटेने पुढे गेलेली युक्ती आहे. पूर्ण फ्रेम ही एकच लांबलचक संख्या मानायची, ठरलेल्या भाजकाने तिला भागायचं आणि जी बाकी उरेल ती फ्रेमच्या शेपटीला जोडून पाठवायची. घेणारा तोच भागाकार करतो. बाकी जुळली नाही की फ्रेम टाकून देतो.

यंत्रासाठी भागाकार सोपा करावा लागतो, म्हणून यात हातचा नाही आणि उसनवारही नाही. वजाबाकी म्हणजे एवढंच: दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. छोटं उदाहरण करून पाहू. माहिती 1101 आहे, भाजक 1011 आहे. भाजक चार बिटांचा, म्हणून बाकी तीन बिटांची येणार. तिच्यासाठी माहितीपुढे तीन शून्यं मांडून भागायला सुरुवात करायची:

```
1101000
1011
 1100
 1011
  1110
  1011
   1010
   1011
    001
```

बाकी आली 001, म्हणून तारेवर जाईल 1101001. वाटेत तिसरा बिट पलटून 1111001 पोचलं, तर घेणाऱ्याच्या भागाकारात बाकी 110 उरते. फ्रेम धड असती तर बाकी शून्य आली असती. वही-पेन घेऊन एकदा हे करून पाहाच. कुठलाही एक बिट पलटवा, बाकी शून्य येणार नाही.

डब्ल्यू. वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राउन यांनी १९६१ साली ही पद्धत चुका पकडण्यासाठी नीट मांडली. कारखान्यांत आणि शीतगृहांत ती पोचली त्यात मॉडबस या भाषेचा मोठा वाटा आहे. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने काढलेली ही भाषा आजही वीजमीटर, ड्राइव्ह, तापमानाचे सेन्सर बोलतात. तिच्या आरटीयू या प्रकारात प्रत्येक फ्रेमच्या शेवटी दोन बाइटची, म्हणजे सोळा बिटांची, बाकी असते. भाजक सतरा बिटांचा, 11000000000000101. आम्ही त्या शीतगृहासाठी हीच घेतली. नवं काही शोधण्यापेक्षा चाळीस वर्षं वापरात असलेला भाजक घेणं शहाणपणाचं. चांगला भाजक निवडणं हे गणितज्ञांचं काम आहे, पॅनेलवाल्यांचं नाही.

ज्यांना प्रोग्राम लिहायचा आहे त्यांच्यासाठी सगळा मामला एवढाच:

```c
uint16_t crc16(const uint8_t *p, int n) {
    uint16_t crc = 0xFFFF;
    while (n--) {
        crc ^= *p++;
        for (int i = 0; i < 8; i++)
            crc = (crc & 1) ? (crc >> 1) ^ 0xA001 : crc >> 1;
    }
    return crc;
}
```

यातला `0xA001` म्हणजे तोच भाजक, उलट्या क्रमाने लिहिलेला, कारण अशा तारेवर बाइटचा सर्वांत खालचा बिट आधी निघतो. त्याचा सर्वांत वरचा बिट लिहीत नाहीत, तो गृहीत असतो. सुरुवात `0xFFFF` ने का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शून्यापासून सुरुवात केली आणि बिघाडामुळे सगळेच बाइट शून्य आले, तर बाकीही शून्य येते आणि मेलेला सेन्सर "सर्व ठीक" म्हणून मान्य होतो. सगळे बिट १ ठेवून सुरुवात केली की हे होत नाही.

आता तीच फ्रेम नव्या शेपटीसह पाहू. `07 03 02 00 05` या पाच बाइटची बाकी `47F0` येते. मॉडबसमध्ये तिचा खालचा बाइट आधी जातो, म्हणून तारेवर दिसेल:

```
07 03 02 00 05 F0 47
```

ड्राइव्हचा झटका पूर्वीसारखाच बसला असं धरा. `05` चं `85` झालं आणि पुढच्या बाइटचा वरचा बिट पलटून `F0` चं `70` झालं. घेणारा पाच बाइटची बाकी काढतो, ती येते `E7F1`. फ्रेमच्या शेपटीत आहे `4770`. जुळण्याचा प्रश्नच नाही. फ्रेम केराच्या टोपलीत जाते आणि नियंत्रक सेन्सरला पुन्हा विचारतो.

हे एकाच उदाहरणापुरतं नाही. या भाजकाने काही प्रकारच्या चुका सुटूच शकत नाहीत, असं गणिताने सिद्ध करता येतं. एकच बिट बदलला तर सापडणारच. फ्रेम ३२,७६७ बिटांपेक्षा लांब नसेल तर कुठलेही दोन बिट बदलले तरी सापडणार. मॉडबसची फ्रेम जास्तीत जास्त २५६ बाइटची, म्हणजे २,०४८ बिटांची असते, त्यामुळे ती या मर्यादेच्या कितीतरी आत आहे. विषम संख्येने बिट बदलले तर सापडणार. आणि माझ्या मते तारेवर सर्वांत कामाची गोष्ट ही: नुकसान सलग सोळा बिटांच्या पट्ट्यात असेल, तर त्या पट्ट्यात काहीही उलथापालथ झालेली असो, ती सापडणारच. मोटर सुरू होते, कॉन्टॅक्टर पडतो, वीज लखलखते तेव्हा बिट असे थव्यानेच बिघडतात. आमचे दोन घाव नऊ बिटांच्या पट्ट्यात होते.

याच्या पलीकडे मात्र नशिबाचा खेळ आहे. फ्रेमचा पार चुथडा झाला तर बाकी योगायोगाने जुळण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक असते. दिवसाला अशा दहा चुथडा फ्रेम येत असतील, तर सरासरी अठरा वर्षांत एक खोटी फ्रेम खपून जाईल. एका बाइटच्या बेरजेला हीच शक्यता २५६ मध्ये एक, म्हणजे पंचवीस-सव्वीस दिवसांत एक. यात एक खाच आहे. सीआरसी फक्त माहितीचे आठ बिट पाहते. झटका बाइटच्या सुरुवातीच्या बिटवर बसला तर घेणाऱ्याचं मोजणंच सरकतं, पुढचे सगळे बिट एक घर हलतात, आणि सोळा बिटांची हमी तिथे लागू होत नाही. उरते ती ६५,५३६ मध्ये एकची शक्यता. म्हणून घेणाऱ्या यंत्राने शेवटचा बिट जागेवर नसलेला बाइटही नापास करावा आणि ती फ्रेम सीआरसीपर्यंत जाऊच देऊ नये.

बसवताना आमचीही एक चूक झाली. पहिल्या दिवशी एकही फ्रेम जुळेना. दोन तास गेले आणि मग दिसलं की सेन्सरच्या बाजूने `47 F0` पाठवलं जात होतं, म्हणजे वरचा बाइट आधी. सोळा बिटांच्या सीआरसीचे प्रकारही पुष्कळ आहेत, भाजक वेगळा, सुरुवात वेगळी. सगळ्यांचं नाव "सीआरसी-१६" असल्यामुळे दोन माणसं एकच बोलतायत असं वाटतं. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. `123456789` ही नऊ अक्षरं दोन्ही बाजूंच्या प्रोग्रामला द्यायची. मॉडबसच्या प्रकारात उत्तर `4B37` यायला हवं. एक्समोडेमच्या प्रकारात `31C3` येतं. उत्तर वेगळं आलं की तार तपासत बसू नका, आधी प्रोग्राम तपासा.

सीआरसी चूक दाखवते, दुरुस्त करत नाही, म्हणून नापास फ्रेमचं पुढे काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. आमचा नियंत्रक पुन्हा विचारतो. सलग तीनदा धड उत्तर आलं नाही तर तो जुना आकडा स्क्रीनवर तसाच ठेवत नाही, तापमानाच्या जागी "संपर्क नाही" लिहितो आणि भोंगा वाजवतो. जुना आकडा धरून बसणं हे खोट्या आकड्याइतकंच धोक्याचं आहे, कारण तो पाहून कोणालाही शंका येत नाही. सेन्सरनेच चुकीचं तापमान मोजलं तर त्या चुकीच्या आकड्यावरही सीआरसी निमूटपणे बरोबर शेपटी लावते, हेही लक्षात असू द्या. कोणी मुद्दाम आकडा बदलून नवी बाकी काढून जोडली, तरी तिला ते कळणार नाही. तिची राखण फक्त तारेवरच्या प्रवासापुरती आहे.

आणि एक काम राहून जातं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पूर्वीचा प्रोग्राम नापास फ्रेम गुपचूप टाकून देत होता. आम्ही त्यांची मोजणी स्क्रीनवर आणली. पहिल्याच रात्री चौदा नापास फ्रेम दिसल्या आणि त्या पंखे चालू असतानाच येत होत्या. मग सेन्सरची तार ड्राइव्हच्या ट्रेमधून काढून वेगळ्या पाइपातून नेली, पीळ घातलेली आणि जाळीदार आवरणाची तार वापरली, आवरण एकाच टोकाला जमिनीशी जोडलं आणि तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक लावले. मोजणी आठवड्याला एक-दोनवर आली. सीआरसीने आजार दाखवला, तो बरा केला तारेच्या कामाने. नुसती सीआरसी घालून तार तशीच ठेवली असती, तर खोटे आकडे थांबले असते, पण "संपर्क नाही"चे भोंगे सुरू झाले असते.

काकांच्या वहीत आता तापमानाच्या शेजारी आणखी एक रकाना आहे: नापास फ्रेम. रोज सकाळी सहाला ते आकडा लिहितात. मागच्या पावसाळ्यात तो एका दिवसात चाळीसवर गेला, तेव्हा त्यांनी भोंगा वाजायच्या आधीच मला फोन केला. एका जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलं होतं. तुमच्याकडे शीतगृह, सौर पंप, दूध संकलन केंद्र, कुठलीही तारेवर बोलणारी यंत्रणा असेल, तर ती बसवणाऱ्याला एवढंच विचारा: नापास फ्रेमचा आकडा स्क्रीनवर कुठे दिसतो? दिसत नसेल, तर तो दाखवायला सांगा आणि आजपासून वहीत लिहायला लागा.